चार कोपऱ्यांचे डाग

सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, यावर गावातल्या वाचनालयासाठी एक छोटी पुस्तिका केली होती. पानं चाळीस, त्यात स्क्रीनशॉट बावन्न. प्रूफ तयार झालं आणि डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या चित्रांच्या कोपऱ्यांना काळं लागलंय. स्कॅन केलीत का?"

स्कॅन कशाला करीन? पण प्रूफ हातात आल्यावर त्याचं म्हणणं पटलं. काही चित्रांच्या चारही कोपऱ्यांवर काजळाची तीट लावावी तसे काळे त्रिकोण होते. काही चित्रांचे कोपरे साध्या पानावर ठीक दिसत होते, पण करड्या चौकटीत छापलेल्या "हे लक्षात ठेवा" या भागात तेच कोपरे पांढरे उठून दिसत होते. आणि पाच-सहा चित्रांच्या कोपऱ्यात चक्क हिरवं होतं. ते हिरवं माझ्या ओळखीचं निघालं, कारण माझ्या संगणकाच्या वॉलपेपरवर भाताचं खाचर आहे. संगणक एक, पुस्तिका एक आणि कोपऱ्यांचे रंग तीन. मग मी हा प्रकार मुळापासून समजून घेतला.

विंडोज 11 ऑक्टोबर 2021मध्ये आलं, तेव्हा त्यातल्या विंडोंचे कोपरे गोल झाले. तसे ते याआधीही गोल होतेच. 2001च्या एक्सपीत वरचे दोन कोपरे गोल होते, व्हिस्टा आणि विंडोज 7मध्ये चारही होते. विंडोज 8 आणि 10 यांनी मधली काही वर्षं काटकोनाला दिली. त्या काळात ज्यांनी स्क्रीनशॉट काढायची सवय लावून घेतली, त्यांना कोपऱ्याचा विचारच करावा लागला नाही. माझी सवय त्याच काळातली.

खरी गोष्ट अशी की विंडोज 11मधली विंडो गोल नसतेच. प्रोग्राम आपलं चित्र पूर्ण आयतात काढतो, काटकोनी कोपऱ्यांसकट. मग सगळ्या विंडोंची चित्रं एकावर एक रचून पडद्यावरचं अंतिम दृश्य तयार करण्याचं काम विंडोजचा एक वेगळा भाग करतो. त्याचं नाव डेस्कटॉप विंडो मॅनेजर. टास्क मॅनेजर उघडलात तर तो `dwm.exe` या नावानं दिसेल. हा रचनाकार रचता रचता प्रत्येक आयताचे कोपरे कात्रीनं गोल कापतो, खाली सावली घालतो आणि कडेला एक बारीक रेघ ओढतो. शिंप्यानं कापड चौकोनीच दिलं आणि गोलाई इस्त्रीवाल्यानं दिली, असा हा मामला आहे.

चित्राची फाइल मात्र नेहमी आयतच असते. गोल कोपऱ्याची फाइल अस्तित्वातच नाही. त्यामुळे विंडोचा फोटो आयतात बसवला की चार कोपऱ्यांत विंडोचा नसलेला थोडासा भाग उरतो, आणि तिथं काही ना काही भरावंच लागतं. काय भरायचं हे कोण ठरवतं, त्यावर डागाचा रंग ठरतो.

हा उरलेला भाग किती? मायक्रोसॉफ्टच्या आराखड्यानुसार विंडोच्या कोपऱ्याची त्रिज्या 8 पिक्सेल असते. पण हे झालं पडदा 100 टक्के स्केलवर असताना. बहुतेक लॅपटॉपवर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केल 125 किंवा 150 टक्के असतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथं स्केल पाहा. माझ्याकडे 150 आहे, म्हणून माझ्या कोपऱ्याची त्रिज्या 12 पिक्सेल. प्रत्येक कोपऱ्यात साधारण 31 पिक्सेल मोकळे राहतात, चारही मिळून सव्वाशेच्या आत. हजार बाय सातशेच्या चित्रात पिक्सेल असतात सात लाख. म्हणजे दहा हजारांत दोनसुद्धा नाहीत, पण पांढऱ्या कागदावर डोळा आधी तिथंच जातो.

आता रंग. हिरव्याचं उत्तर सगळ्यात सोपं. स्क्रीनशॉट घेणाऱ्या साधनानं पडद्याचाच तुकडा आयतात कापून घेतला की विंडोच्या मागे जे असेल ते कोपऱ्यातून डोकावतं. मागे वॉलपेपर असेल तर वॉलपेपर, दुसरी विंडो असेल तर ती. इथं एक फसगत होते. मागे गडद थीममधली एखादी विंडो उघडी असेल, तर कोपरे काळे दिसतात आणि माणूस संगणक बिघडला म्हणून हळहळतो. बिघाड काही नसतो. मागची विंडो हलवून पुन्हा फोटो काढला की तो काळेपणा जातो.

खरा काळा डाग वेगळ्या वाटेनं येतो. काही साधनं पडद्याचा तुकडा न घेता थेट रचनाकाराकडून त्या एका विंडोचं चित्र मागून घेतात. त्यात कोपरे पारदर्शक असतात. प्रत्येक पिक्सेलपाशी लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा असतो, तो पारदर्शकतेचा. कोपऱ्यातल्या पिक्सेलमध्ये चारही आकडे शून्य. पीएनजी फाइल हा चौथा आकडा सांभाळते. पण वाटेत कुणीतरी तो टाकून दिला, तर उरतात तीन शून्यं, आणि तीन शून्यं म्हणजे शुद्ध काळा. क्लिपबोर्डवरून एका प्रोग्राममधून दुसऱ्यात पेस्ट करताना हे सर्रास होतं, कारण चित्र पेस्ट करण्याच्या जुन्या पद्धतीत चौथ्या आकड्याला भरवशाची जागा नाही. जेपीजीमध्ये तर ती मुळातच नाही. माझी काळी चित्रं अशीच बिघडली होती. मी पाठवलेल्या पीएनजी डीटीपीवाल्यानं सवयीनं जेपीजी करून घेतल्या होत्या.

पांढरा डाग हा त्याच काळ्याचा जरा समजूतदार भाऊ. इथं प्रोग्रामनं चौथा आकडा नुसता फेकला नाही, आधी चित्राखाली पांढरा कागद सरकवला आणि मग दोन्ही एकत्र केले. पांढऱ्या पानावर हे खपून जातं. करड्या, पिवळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर उघडं पडतं.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एक तपासणी करा. वर्डमध्ये एक भडक गुलाबी आयत काढा आणि चित्र त्यावर ठेवा. कोपऱ्यात गुलाबी दिसलं, तर फाइल निरोगी आहे, पारदर्शकता शाबूत आहे आणि डाग पुढच्या कुठल्यातरी प्रोग्राममध्ये लागतो आहे. काळं किंवा पांढरंच दिसलं, तर तो रंग आता फाइलमध्ये मुरला आहे. कुठलं साधन कुठल्या पद्धतीनं फोटो काढतं, हे आवृत्तीगणिक बदलत असतं. म्हणून साधनाच्या नावावरून निदान करण्यापेक्षा हे गुलाबी पान बरं.

कधी काळेपणा कोपऱ्यांत नसून डावीकडे, उजवीकडे आणि खाली अशी तीन बाजूंची पट्टी असते, वर मात्र काही नसतं. हा कोपऱ्याचा आजार नव्हे. विंडोच्या या तीन कडांबाहेर काही पिक्सेलची एक अदृश्य पट्टी असते. उंदराच्या बाणानं कडा पकडून विंडो लहानमोठी करता यावी म्हणून ती ठेवलेली आहे. जुनी साधनं विंडोचं माप विचारतात तेव्हा ही पट्टीही मापात धरली जाते. साधनाची नवी आवृत्ती घेणं हाच त्यावरचा इलाज.

डाग पुसण्यापेक्षा तो पडूच न देणं नेहमीच सोपं. विंडोज 11 स्वतःच दोन वेळा कोपरे गोल करत नाही. एक, विंडो पूर्ण पडदाभर मोठी केली असेल तेव्हा, आणि दुसरं, ती पडद्याच्या एका बाजूला चिकटवली असेल तेव्हा. विंडोजचं बटण दाबून ठेवून डावा बाण दाबा. विंडो अर्ध्या पडद्यावर जाऊन बसेल आणि तिचे कोपरे काटकोनी होतील. आता `Alt + PrtScn` दाबून फोटो घ्या. गोलाईच नाही, तर डाग कुठून येणार? ब्राउझरच्या सगळ्या चित्रांसाठी मी हीच पद्धत धरली. 1920 पिक्सेल रुंद पडद्यावर अशी अर्धी विंडो 960 पिक्सेलची होते. पुस्तिकेच्या पानाला तेवढी रुंदी पुरून उरते, शिवाय सगळी चित्रं एका मापाची येतात.

पण छोट्या संवादचौकटी, म्हणजे "छपाई करायची का", "फाइल कुठं ठेवू" असं विचारणाऱ्या, अशा बाजूला चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी मागे कोरा कागद धरायचा. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी `about:blank` टाइप करून एंटर केलं की पांढरं पान उघडतं, आणि `F11` दाबलं की ते पडदाभर होतं. त्यावर आपली चौकट आणून फोटो घ्यायचा. कोपरे पांढरे येतात आणि पांढऱ्या पानावर मिसळून जातात. निरखून पाहिलं तर कोपऱ्यात फिकट राखाडी झाक दिसेल. ती विंडोची सावली. ती नको असेल तर `SystemPropertiesPerformance` हा प्रोग्राम चालवा, त्यातल्या यादीत `Show shadows under windows` समोरची खूण काढा आणि काम झाल्यावर पुन्हा घाला. पण पान रंगीत असेल तर ही पद्धत लंगडी पडते. मग मागचा कागदही त्याच रंगाचा घ्यावा लागतो.

कुठल्याही रंगावर चालेल असा कोपरा हवा असेल, तर पारदर्शक फोटोच काढावा लागतो. शेअरएक्स या फुकट आणि मुक्त स्रोत साधनात पारदर्शकतेसह विंडो टिपण्याची सोय आहे. ते काम ज्या युक्तीनं होतं ती मला फार आवडली. हे साधन आपल्या विंडोच्या मागे आधी एक पांढरा पडदा धरतं आणि फोटो घेतं, मग काळा पडदा धरून दुसरा फोटो घेतं. दोन्ही फोटोंतला प्रत्येक पिक्सेल शेजारी ठेवून वजाबाकी करतं. समजा, विंडो फिकट रंगाची आहे आणि तिचा आकडा 240 आहे. विंडोच्या आतला पिक्सेल दोन्ही फोटोंत 240च येणार, फरक शून्य, म्हणजे तो पूर्ण भरीव. कोपऱ्याबाहेरचा पिक्सेल पांढऱ्यावर 255 आणि काळ्यावर 0, फरक 255, म्हणजे पूर्ण पारदर्शक. आणि नेमका गोलाईच्या रेषेवरचा, अर्धा विंडोत आणि अर्धा बाहेर असलेला पिक्सेल काळ्यावर 120 आणि पांढऱ्यावर 247 येतो. फरक 127, म्हणजे निम्मा पारदर्शक. काळ्यावरच्या 120ला निम्म्यानं भागलं की विंडोचा मूळ 240 परत हाती लागतो.

मर्यादा एवढीच की दोन फोटोंच्या दरम्यान विंडोत काही हलता कामा नये. टाइप करण्याच्या जागी लुकलुकणारी उभी रेघ एका फोटोत आली आणि दुसऱ्यात नाही, तर तिथं वजाबाकी चुकते आणि चित्राला त्या रेघेएवढी फट पडते. माझ्या एका चित्रात "गट क्रमांक"च्या रकान्यात अशी फट आली होती. करड्या चौकटीत ठेवल्यावर ती दिसली. फोटोआधी रकान्याबाहेर क्लिक करून रेघ घालवली की झालं.

आता राहिली ती आधीच बिघडलेली चित्रं. पहिली ऊर्मी अशी येते की पेंटमधली रंगाची बादली घ्यावी आणि काळ्या कोपऱ्यात पांढरा ओतावा. मीही ओतला. कोपरा पांढरा झाला, पण गोलाईच्या कडेनं दातेरी काळपट किनार राहिली. कारण वरच्या हिशेबात आलंच आहे. कडेवरचे पिक्सेल धड काळे नसतात आणि धड विंडोच्या रंगाचेही नसतात, ते 120च्या आसपासचे मिश्र असतात. बादली नेमका काळाच रंग शोधते आणि मिश्र पिक्सेल तसेच सोडते.

म्हणून छाटणी. इथं बहुतेक जण गरजेपेक्षा फार जास्त कापतात. त्रिज्या 12 पिक्सेल म्हणून चारही बाजूंनी 12 पिक्सेल उडवतात आणि शीर्षकपट्टीतली बटणं अर्धी करून बसतात. तेवढ्याची गरज नाही. आपण चारही बाजूंनी आत सरकतो तेव्हा नव्या चित्राचा कोपरा तिरका, कर्णाच्या दिशेनं आत जातो, आणि त्या दिशेनं गोलाई लवकर गाठली जाते. भूमितीचं उत्तर त्रिज्येच्या 29 टक्के असं येतं. मी सोपा नियम केला, तो असा की त्रिज्येचा तिसरा हिस्सा घ्यायचा आणि वर एक पिक्सेल. तो जादाचा एक पिक्सेल कडेची बारीक रेघ आणि मिश्र किनार यांच्यासाठी. स्केल 100 असेल तर 4 पिक्सेल, 150 असेल तर 5.

माझं एक काळवंडलेलं चित्र 1000 बाय 700 होतं. चारही बाजूंनी 5 काढल्यावर ते 990 बाय 690 झालं, कोपरे काटकोनी आणि स्वच्छ आले, आणि वरचं बंद करण्याचं बटण पूर्ण शाबूत राहिलं. एकदोन चित्रांना हे हातानं जमतं. पन्नास असतील तर इमेजमॅजिक नावाचं फुकट साधन आहे, त्यात एका ओळीत काम होतं:

```
magick in.png -shave 5x5 -bordercolor "#999999" -border 1 out.png
```

पहिला भाग चारही बाजूंनी 5 पिक्सेल तासतो, दुसरा करड्या रंगाची एक पिक्सेलची नवी चौकट घालतो. चौकट का? मूळ रेघ छाटणीत जाते, आणि पांढरी विंडो पांढऱ्या पानावर कुठं संपते हेच कळेनासं होतं. एक खबरदारी घ्या. चित्र आधीच लहानमोठं केलेलं असेल तर हे आकडे लागू पडत नाहीत. वर्डमध्ये निम्मं केलेलं चित्र पुन्हा जतन केलं असेल, तर त्यात त्रिज्याही निम्मी झालेली असते. छाटणी नेहमी मूळ मापाच्या फाइलवर करा.

गोल कोपरे राखायचेच असतील, तर वर्डमध्येच चित्राला गोल कोपऱ्याच्या आयतात छाटण्याची सोय आहे. चित्रावर क्लिक करून क्रॉपच्या खालच्या बाणातून आकार निवडायचा. पण वर्ड आपल्या मनानं लहान बाजूच्या सुमारे एक षष्ठांश एवढी गोलाई देतो. सातशे पिक्सेल उंचीच्या चित्राला ती 117 पिक्सेलची होते आणि विंडो साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. कोपऱ्याजवळचा पिवळा ठिपका जवळजवळ टोकापर्यंत ओढून गोलाई कमी करायची, डाग नुकताच झाकला गेला की थांबायचं. नेमके 12 पिक्सेल साधत बसण्यात अर्थ नाही. किंचित जास्त गोल झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, किंचित कमी झालं तर काळं टोक डोकावतं.

आणि सगळ्यात आळशी पद्धत शेवटी सांगते, कारण आता मी रोज तीच वापरते. पूर्ण विंडो दाखवायची गरज नसेल तर `Win + Shift + S` दाबायचं, आयताची निवड घ्यायची आणि विंडोच्या कडेपासून चार-पाच पिक्सेल आतून चौकोन ओढायचा. वाचकाला बघायचा असतो तो रकाना आणि ते बटण. विंडोची कड त्याच्या काही उपयोगाची नसते.

पुस्तिकेच्या बावन्न चित्रांपैकी चौतीस मी बाजूला चिकटवून पुन्हा काढली आणि अकरा तासली. उरलेली सात करड्या चौकटीत जाणार होती, म्हणून ती पारदर्शक काढून पीएनजीच पाठवली. सोबत डीटीपीवाल्याला निरोप दिला, "बाबा, यांचं जेपीजी करू नकोस." तुम्हीही प्रेसला चित्रं देताना एवढं एक वाक्य जरूर लिहा.